मीटरवर आकडे जुळतात, डोळ्यांना रंग जुळत नाहीत: शेजारी ठेवलेले दोन वेगळे मॉनिटर

प्रश्न: माझा निपाणीला छोटा फोटो स्टुडिओ आहे, मुख्यतः लग्नाचे अल्बम करतो. जुना २४ इंची आयपीएस मॉनिटर आणि यंदा घेतलेला २७ इंची वाइड गॅमट मॉनिटर शेजारी लावले आहेत. मीटर घेऊन दोन्ही कॅलिब्रेट केले. आकडे दोन्हीकडे सारखेच येतात, तरी नव्यावरचा पांढरा हिरवट-पिवळसर दिसतो आणि शालूचा लाल नव्यावर भडक वाटतो. मीटर खराब आहे की माझी नजर? दोन्ही एकसारखे करता येतात का?

उत्तर: बहुधा तुमचे मीटरही ठीक आहे आणि नजरही. तुमच्या दोन तक्रारींची कारणे मात्र वेगवेगळी आहेत, आणि उपायही वेगळे आहेत. लाल भडक दिसतो तो नव्या मॉनिटरची रंग दाखवण्याची मर्यादा मोठी असल्यामुळे. आकडे सारखे असूनही पांढरा वेगळा दिसतो तो दोन पडद्यांमागचा उजेडच वेगळ्या घडणीचा असल्यामुळे. मी बेळगावात छपाईपूर्व काम करतो आणि शहापूर-वडगावच्या साड्यांची छायाचित्रे, लग्नपत्रिका, अल्बम हे सगळे माझ्या टेबलावरून जाते. तुमच्यासारखीच जोडी माझ्याकडेही आहे. त्या जोडीच्या पांढऱ्यासाठी मी मीटर चुकीचे समजून तीन वेळा सगळे कॅलिब्रेशन पुन्हा केले होते, म्हणून त्या भागावर सविस्तर लिहितो.

जुन्या मॉनिटरच्या बॅकलाइटमध्ये सहसा निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. निळ्यानंतरचा त्याचा उजेड हिरव्यापासून लालपर्यंत एकसलग पसरलेला असतो. नव्या वाइड गॅमट मॉनिटरमध्ये निळ्या एलईडीबरोबर वेगळ्या प्रकारचे हिरवे आणि लाल फॉस्फर वापरतात, आणि त्यातला लाल फॉस्फर ६३० नॅनोमीटरच्या आसपास काही अरुंद, टोकदार रेषांतच उजेड देतो. दोन्हींचा पांढरा अशा रीतीने अगदी वेगळ्या मिश्रणातून तयार होतो. मीटर त्या मिश्रणाचे शेवटी तीनच आकडे करते, आणि ते आकडे काढण्याचे कोष्टक १९३१ साली ठरलेले आहे. राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी मिळून फक्त १७ निरीक्षकांच्या डोळ्यांवर केलेल्या मोजणीवर ते उभे आहे. निळ्या टोकाला, म्हणजे सुमारे ४६० नॅनोमीटरच्या खाली, ते कोष्टक डोळ्याची संवेदना प्रत्यक्षापेक्षा कमी धरते, हे जड या शास्त्रज्ञाने १९५१ सालीच दाखवून दुरुस्ती सुचवली होती. तरी जगभरची मीटरे आजही मुख्यतः १९३१ च्याच कोष्टकावर चालतात.

सारख्याच घडणीचे दोन मॉनिटर मोजले तर ही उणीव दोघांनाही सारखीच लागते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. घडण वेगळी झाली की ती उघडी पडते. हा अनुभव एकट्या छोट्या स्टुडिओंचा नाही. सिनेमाचे रंग ठरवणाऱ्या स्टुडिओंमध्ये जुन्या मॉनिटरशेजारी ओएलईडी मॉनिटर आले, तेव्हा आकड्यांनी जुळवलेला ओएलईडीचा पांढरा हिरवट-पिवळसर दिसतो अशी तक्रार झाली. त्यावर सोनी कंपनीने स्वतःच्या ओएलईडी मॉनिटरसाठी जडच्या दुरुस्तीवर आधारलेला फरक सुचवला: नेहमीच्या व्हाइट पॉइंटपेक्षा x ०.००६ ने आणि y ०.०११ ने कमी ठेवावा. डोळ्यांना जुळणारा पांढरा हवा असेल तर आकडे मुद्दाम वेगळे ठेवावे लागतात, हे त्यात मान्य केलेले आहे. तुमच्या एलईडी पडद्याला नेमका तेवढाच फरक लागेल असे नाही, पण बहुधा दिशा तीच असेल.

डोळ्यांवर विश्वास टाकण्याआधी मात्र मीटरची स्वतःची चूक बाजूला काढली पाहिजे, कारण ती वेगळी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. आपण वापरतो ती स्वस्त मीटरे रंगीत फिल्टरमधून मोजतात, आणि ते फिल्टर कोष्टकाशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक बॅकलाइटसाठी दुरुस्तीची वेगळी फाइल असते. `DisplayCAL` मध्ये ती `Correction` च्या यादीतून निवडावी लागते. जुन्या मॉनिटरला नावात `White LED` असलेली आणि अशा लाल फॉस्फरच्या नव्या मॉनिटरला `PFS Phosphor` असलेली निवडा. नव्या मॉनिटरला जुन्याचीच दुरुस्ती लावून मोजले तर सुरुवातीलाच आकडे खोटे येतात, आणि मग पुढे कितीही काळजी घेतली तरी उपयोग होत नाही. मीटर जागेवरून न हलवता दोन्ही दुरुस्त्या लावून एकच पांढरा मोजून पाहा. वाचनात x किंवा y ०.००५ पेक्षा जास्त सरकला, तर तुम्ही आजवर पाहिलेल्या फरकाचा काही भाग इथूनच आलेला असू शकतो. मोजणीसाठी `ArgyllCMS` मधली ही एक आज्ञा पुरते. फाइलचे नाव तुमच्याकडे जे असेल ते घाला:

```
spotread -e -x -X monitor.ccss
```

यात Y हा उजेड कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो, आणि x, y हा रंग. या तीन आकड्यांच्या पलीकडे आपल्याला काही लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. दोन्ही मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवा, कारण थंड बॅकलाइटचा उजेड आणि छटा दोन्ही सरकत असतात. आपल्या भागात पावसाळ्यात वीज जाते-येते. बॅटरीवर फक्त संगणक चालला आणि मॉनिटर दहा-पंधरा मिनिटे बंद राहिले, तर मोजणी तिथेच थांबवून पुन्हा अर्धा तास वाट पाहावी. विजेचा दाब थोडा कमी-जास्त झाल्याने मॉनिटरचा रंग बदलतो अशी समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे, पण तसे होत नाही. मॉनिटरचा पुरवठा तो दाब आतच सांभाळतो. रंग बदलतो तो मॉनिटर गार झाल्यामुळे.

मग दोन्हींच्या मेनूमध्ये जाऊन चित्र स्वतःहून बदलणारे सगळे बंद करा: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीजबचत, खोलीच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, निळा उजेड कमी करणारा मोड. विंडोजमधले `Night light` आणि `HDR` ही बंद असू द्या. एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा डिस्प्लेपोर्टवर असेल तर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये `Output dynamic range` दोन्हींसाठी `Full` आहे ना ते पाहा. एचडीएमआयवर ते कधीकधी `Limited` राहते. मग काळा राखाडी दिसतो आणि सगळे चित्र धुतल्यासारखे वाटते, आणि माणूस विनाकारण कॉन्ट्रास्टचे बटण फिरवत बसतो. अशा वेळी कॅलिब्रेशन करू नये, आधी सिग्नल नीट करावा.

दोघांतल्या कमी क्षमतेच्या मॉनिटरला प्रमाण माना. हा नियम मोडला की जुळणी कधीच होत नाही, कारण नवा मॉनिटर जुन्यासारखा करता येतो, जुना नव्यासारखा करता येत नाही. माझ्या जोडीत जुना मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला १८६ कँडेला देत होता आणि त्याचा पांढरा x ०.३०३, y ०.३१८ असा निळसर होता. छापील अल्बम शेजारी ठेवून काम करायचे असल्यामुळे मी १०० कँडेला हे लक्ष्य ठरवले. छपाईच्या कामाला सहसा ८० ते १२० च्या दरम्यानचा उजेड पुरतो. व्हाइट पॉइंट नेहमीचा, म्हणजे x ०.३१२७, y ०.३२९०.

रंग सुधारताना लाल, हिरवा, निळा यांचे मेनूतले आकडे फक्त खाली आणावेत, शंभरच्या वर नेऊ नयेत. वर नेले की उजळ भागातले तपशील कापले जातात, आणि पांढऱ्या साडीवरची पांढरी बुट्टी नाहीशी होते. मी निळा १०० वरून ९५ वर आणि हिरवा ९८ वर आणला, लाल तसाच ठेवला. एवढ्यात पांढरा जागेवर आला. आधी पांढरा, मग उजेड, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रंगाचे आकडे खाली आणले की उजेडही थोडा उतरतो. उजेड १०० कँडेलावर आणण्यासाठी `Brightness` चेच बटण वापरावे, कारण ते बॅकलाइट मंद करते. `Contrast` ला हात लावू नये.

नव्या मॉनिटरवर आधी गॅमट बांधून घ्यावा. चित्रातला पूर्ण लाल म्हणजे २५५, ० आणि ०. ही फक्त 'तुझ्याकडचा सगळा लाल दाखव' अशी सूचना आहे. एसआरजीबी मॉनिटरचा सगळा लाल x ०.६४०, y ०.३३० च्या जवळ असतो. पी-थ्री श्रेणीच्या वाइड गॅमट मॉनिटरचा ०.६८०, ०.३२० च्या आसपास. सूचना एकच, पण दुसऱ्याकडचा लाल मुळातच गडद. त्यामुळे तुमचा शालू भडक होतो. माझ्याकडे डाळिंबी रंगाची साडी याच कारणाने राणी रंगाकडे झुकलेली दिसायची.

यावर सर्वात सोपा उपाय म्हणजे मॉनिटरच्या मेनूतला `sRGB` मोड. तो गॅमट जुन्याएवढा आवळतो. बऱ्याच मॉनिटरमध्ये या मोडला एक अडचण असते: रंगांचे आकडे, आणि कधी ब्राइटनेसही, कुलूपबंद होतात. ब्राइटनेस बदलता येत असेल तर मोड स्वीकारा. पांढऱ्यातला उरलेला लहान फरक पुढे कॅलिब्रेशनच्या वक्रातून काढता येतो. ब्राइटनेसही बंद असेल आणि पडदा २०० कँडेलावर अडकला असेल, तर तो मोड सोडून द्यावा. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर `novideo_srgb` नावाचे मोफत साधन हेच आवळण्याचे काम कार्डातच करते आणि मॉनिटरचे सगळे आकडे मोकळे राहतात. मी तेच वापरले. तेही जमत नसेल तर फोटोशॉपसारखे प्रोफाइल वाचणारे सॉफ्टवेअर रंग बरोबर दाखवेल, पण डेस्कटॉप, फोल्डरमधली लहान चित्रे आणि बरेचसे फोटो दाखवणारे प्रोग्रॅम भडकच राहतील. त्यावरून रंगाचा निर्णय घ्यायचा नाही, एवढे बंधन पाळावे लागते.

गॅमट आवळल्यानंतर प्रोफाइल नव्याने बनवलेच पाहिजे. आधीचे प्रोफाइल मोठ्या गॅमटचे असते. ते तसेच राहिले तर फोटोशॉप आवळलेला लाल आणखी आवळतो. डेस्कटॉपवर रंग बरोबर आणि फोटोशॉपमध्ये फिका, मेलेला दिसला, तर हीच चूक झाली आहे असे समजा.

आता मूळ गोष्ट, नव्याचा पांढरा नजरेने जुळवणे. मी नव्या मॉनिटरलाही आधी मीटरने x ०.३१२७, y ०.३२९० आणि १०० कँडेलावर आणले. तीन वेळा केले, तिन्ही वेळा आकडे बरोबर आले आणि तिन्ही वेळा जुन्याशेजारी तो कच्च्या कैरीच्या पाण्यासारखा हिरवट-पिवळा दिसला. चौथ्या वेळी मी मीटर बाजूला ठेवले.

खोलीतले दिवे मंद करून, खिडकीचा पडदा ओढून, नेहमीच्या खुर्चीत नेहमीच्या अंतरावर बसावे. दोन्ही मॉनिटर आपल्याकडे किंचित वळवलेले असावेत, म्हणजे दोन्हींकडे साधारण समोरूनच पाहिले जाते. तिरप्या कोनातून आयपीएसवरही काळा उजळतो आणि व्हीए पडद्यावर तर मधल्या छटाच बदलतात, त्यामुळे कोन चुकला तर तुम्ही पडदा जुळवण्याऐवजी कोन जुळवत बसाल. दोन्ही पडद्यांवर पूर्ण भरून एकच फिकट राखाडी चित्र लावा. काळ्या कार्डशीटमध्ये तळहाताएवढी दोन छिद्रे पाडा आणि ती शीट अशी धरा किंवा टेकवा की प्रत्येक पडद्याचा मधला एकेक तुकडाच दिसेल. फ्रेमचा रंग, मॉनिटरची उंची, मागची भिंत यांतले काहीच डोळ्यांत येऊ नये. स्टुडिओच्या भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील, आणि आपल्याकडे असतातच, तर ही शीट फार उपयोगी पडते.

मग नव्या मॉनिटरचे आकडे एकेक पायरीने हलवायचे. हिरवट दिसत असेल तर हिरवा खाली. पिवळसर दिसत असेल तर लाल आणि हिरवा दोन्ही थोडे खाली, म्हणजे निळा आपोआप पुढे येतो. दर वेळी बदल केल्यावर डोळे मिटून किंवा काळ्या शीटकडे पाहून काही सेकंद थांबा, आणि नंतरच्या पहिल्या क्षणी जे दिसते त्यावर निर्णय घ्या. एकटक पाहत राहिल्यास डोळा समोरच्या पांढऱ्याला सरावतो आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही ठीकच वाटू लागतात. माझ्याकडे लाल १०० वरून ९७ आणि हिरवा ९७ वरून ९४ वर आल्यावर हिरवटपणा गेला. मी आणखी एक पायरी खाली गेलो तेव्हा पडदा जांभळट झाला, म्हणून परत आलो. दोन बाजूंनी चुकवून मधली जागा शोधणे एकाच दिशेने जात राहण्यापेक्षा भरवशाचे असते. उजेडही याच वेळी नजरेने पाहावा: डोळे अर्धे मिटून, चित्र धूसर करून पाहिले की जास्त उजळ तुकडा चटकन कळतो.

जुळल्यावरच मीटर पुन्हा लावावे. माझ्या नव्या मॉनिटरचा डोळ्यांना जुळलेला पांढरा x ०.३०८, y ०.३२१ असा मोजला गेला. मूळ लक्ष्यापेक्षा x जवळजवळ ०.००५ ने आणि y ०.००८ ने कमी, म्हणजे सोनीने सुचवल्या त्याच दिशेने आणि थोडा कमी. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण आता नव्या मॉनिटरचे लक्ष्य हेच आहे. जुन्याचे लक्ष्य ०.३१२७, ०.३२९० तसेच राहते. `DisplayCAL` मध्ये व्हाइट पॉइंटच्या जागी `Chromaticity coordinates` निवडून प्रत्येकाला आपापला आकडा द्यावा. तेच काम थेट आज्ञेने असे होते:

```
dispcal -v -d1 -X old.ccss -w 0.3127,0.3290 -b 100 -g 2.2 old24
dispcal -v -d2 -X new.ccss -w 0.308,0.321 -b 100 -g 2.2 new27
```

दोन्हींचा गॅमा २.२ सारखाच ठेवला आहे, म्हणजे मधल्या छटाही जुळतात. वेगळा पांढरा असलेल्या प्रोफाइलमुळे फोटोशॉप तो पुन्हा जुन्या जागी ओढेल का, अशी शंका मला सुरुवातीला होती. तसे होत नाही. चित्रातला पांढरा मॉनिटरच्या पांढऱ्यावरच बसवला जातो आणि बाकीचे रंग त्याच्या मानाने मोजले जातात.

कॅलिब्रेशन झाल्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी दोन्हींवर लावून पाहा. पट्टीच्या एखाद्याच भागात रंगाची झाक दिसली तर तिथला वक्र नीट बसलेला नाही, आणि मोजणी जास्त नमुन्यांनी परत करावी. सगळी पट्टी एकाच बाजूला झुकलेली असेल, तर बहुतेक वेळा प्रोफाइलची अदलाबदल झालेली असते. केबल बदलल्यावर किंवा विंडोजने पडद्यांचा क्रम बदलल्यावर जुन्याचे प्रोफाइल नव्याला लागते. `colorcpl` हा प्रोग्रॅम उघडून प्रत्येक पडद्याच्या नावाखाली `Use my settings for this device` वर खूण आहे आणि योग्य फाइल आहे हे तपासा.

यानंतरही एक गोष्ट खटकू शकते. मीटर मध्यभागी लावलेले असते, पण नजर तुलना करते ती दोन मॉनिटर जिथे एकमेकांना भिडतात तिथे. कडेला उजेड कमी असणे अगदी सामान्य आहे. माझ्या नव्या मॉनिटरच्या मध्यभागी १०० असताना जुन्याकडच्या कडेला फक्त ९१ कँडेला होते, आणि जुन्याच्या भिडणाऱ्या कडेला ९७. त्यामुळे आकडे जुळूनही सांध्यापाशी पायरी दिसत होती. मी नव्याचा मध्य १०३ वर नेला, कड सुमारे ९४ वर आली आणि पायरी डोळ्यांत येईनाशी झाली. मधला तीन कँडेलाचा फरक एवढ्या अंतरावरून कळत नाही. याहून जास्त ओढाताण करू नये. कडेचा उजेड २० टक्के किंवा जास्त कमी असेल तर तो मॉनिटरचाच दोष आहे. तसा मॉनिटर बाहेरच्या बाजूला घ्यावा, किंवा दोघांची जागा बदलून त्याची बरी कड सांध्याकडे आणावी.

काही फरक मात्र या कोणत्याही मार्गाने जाणार नाही. माझा जुना आयपीएस १०० कँडेलाच्या पांढऱ्याला सुमारे ०.१ चा काळा देतो. नवा पडदा व्हीए असता तर तो तितक्याच पांढऱ्याला ०.०३ च्या आसपास गेला असता. अशा जोडीत रात्रीच्या वरातीचे फोटो एकावर नेहमीच जास्त खोल दिसतील. खोलीत थोडा उजेड ठेवला की हा फरक कमी जाणवतो, कारण पडद्यांवर पडणारा उजेड दोन्ही काळे वर उचलतो. अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये जतन केलेल्या फाइलमधले गडद हिरवे, मोरपंखी रंग जुना मॉनिटर दाखवूच शकत नाही. तिथे जुळणीची अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक मर्यादा मला घरातच कळली. माझे वडील त्याच खुर्चीत बसले तेव्हा त्यांना नवा पडदा अजून थोडा निळसर वाटला, आणि त्यांचेही बरोबर होते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते आणि निळा उजेड कमी आत जातो, त्यामुळे वेगळ्या घडणीच्या दोन उजेडांची जुळणी माणसागणिक थोडी सरकते. तुमच्याकडे रंगाचे काम दोघे करत असतील, तर रंग ठरवण्याचा अधिकार ज्याचा, त्याच्याच नजरेने पांढरा जुळवा. दोघांच्या मध्ये आकडा काढला तर तो कोणालाच जुळत नाही.

अल्बम छपाईला जाण्याआधीचा शेवटचा निर्णय मी एकाच पडद्यावर घेतो, आणि तो जुना एसआरजीबीचा असतो. तोच प्रमाण मानलेला आहे, आणि त्याचे आकडे नेहमीच्या व्हाइट पॉइंटवर असल्यामुळे छापखान्याशी बोलताना काही समजावून सांगावे लागत नाही. नव्या पडद्यावर फोटो निवडणे, पाने मांडणे, तपशील पाहणे हे काम चालते. दोन्हींचा उजेड आणि पांढरा मी महिन्यातून एकदा `spotread` ने मोजतो. जुन्याचा उजेड तीन कँडेलाने उतरला तर `Brightness` एक-दोन पायऱ्या वर नेतो. नजरेची जुळणी मात्र वर्षातून एकदाच पुन्हा करतो, किंवा दोघांपैकी एखादा मॉनिटर बदलला तर.